पावतीवरील पंधरा अक्षरे काय सांगतात?

दुकानाच्या पावतीवर किंवा कंत्राटदाराच्या दरपत्रकावर व्यवसायाच्या नावाखाली, बहुधा बारीक टाइपात, पंधरा अक्षरांचा एक क्रमांक छापलेला असतो. ग्राहकाची नजर थेट खालच्या एकूण रकमेकडे जाते आणि हा क्रमांक न वाचताच पावती घडी घालून ठेवली जाते. वस्तुतः १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर अर्थात जीएसटी लागू झाल्यापासून, अनोळखी व्यापाऱ्याची ओळख पटविण्याचे इतके सोपे, विनामूल्य आणि सर्वांना खुले असलेले दुसरे साधन क्वचितच सापडेल. हा व्यवसाय नोंदीत कोणाच्या नावावर आहे, त्याचे कायदेशीर स्वरूप कोणते आणि तो कोणत्या राज्यात नोंदलेला आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे या क्रमांकातून मिळतात. काही उत्तरे क्रमांक वाचताच मिळतात, तर उरलेली सरकारी संकेतस्थळावर मिनिटभरात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन हा पडताळा कसा घ्यायचा ते पाहू. पुण्यातील एका कुटुंबाला स्वयंपाकघरात मॉड्युलर किचन बसवून घ्यायचे आहे. एका विक्रेत्याने दरपत्रक दिले आहे. कामाची किंमत १,८०,००० रुपये, त्यावर १८ टक्के दराने ३२,४०० रुपये कर, एकूण २,१२,४०० रुपये. निम्मी रक्कम, म्हणजे १,०६,२०० रुपये, आगाऊ मागितली आहे. दरपत्रकाच्या माथ्यावर ‘द’ या अक्षराने सुरू होणारे नाव असून त्यापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असे लिहिले आहे. त्याखाली क्रमांक आहे:

```
27ABCFD0000E1ZD
```

हा क्रमांक मुद्दाम रचलेला आहे. पॅनमधील चार अंक ०००१ पासून सुरू होतात, त्यामुळे ०००० असलेला क्रमांक कोणाचाही असू शकत नाही. रचना मात्र खऱ्या क्रमांकासारखीच आहे.

क्रमांक कसा वाचावा

पहिले दोन अंक राज्याचे. २७ म्हणजे महाराष्ट्र. हे संकेतांक जनगणनेतील राज्यांच्या क्रमवारीवरून घेतलेले आहेत आणि महाराष्ट्रातील जुन्या व्यापाऱ्यांना २७ हा आकडा नवा नाही. व्हॅटच्या काळातील ‘टिन’ क्रमांकही २७ नेच सुरू होत असे. गोव्याचा संकेतांक ३०, गुजरातचा २४, कर्नाटकाचा २९, तेलंगणाचा ३६ आणि दिल्लीचा ०७.

पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यवसायाचा आयकर खात्याने दिलेला पॅन. उदाहरणात तो ABCFD0000E असा आहे. पॅनचे चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते. P असेल तर धारक एक व्यक्ती आहे, C म्हणजे कंपनी, F म्हणजे भागीदारी पेढी, H म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, T म्हणजे न्यास. पाचवे अक्षर नावाचे आद्याक्षर असते. व्यक्तीच्या बाबतीत ते आडनावाचे असते, इतरांच्या बाबतीत संस्थेच्या नावाचे. म्हणजे पूर्ण क्रमांकात डावीकडून सहावे अक्षर व्यवसायाचे स्वरूप सांगते आणि सातवे आद्याक्षर. एवढी दोन स्थाने लक्षात ठेवली तरी पुष्कळ काम होते.

तेरावे अक्षर त्याच पॅनवर त्याच राज्यात घेतलेल्या नोंदणीचा अनुक्रम दाखविते. पहिल्या नोंदणीला १, दुसरीला २, याप्रमाणे. चौदावे अक्षर सर्वसाधारण व्यापाऱ्याच्या बाबतीत Z असते. उगमस्थानी कर कापणारी सरकारी कार्यालये किंवा ऑनलाइन बाजारपेठा चालविणाऱ्या कंपन्या यांच्या विशेष नोंदणीत तेथे वेगळे अक्षर आढळते, परंतु फर्निचर विकणाऱ्याच्या दरपत्रकावर Z च अपेक्षित आहे.

आता उदाहरणातील दरपत्रकाकडे पुन्हा पाहावे. सातवे अक्षर D आहे आणि नावही ‘द’ नेच सुरू होते. येथवर मेळ बसतो. परंतु सहावे अक्षर F आहे, म्हणजे हा पॅन भागीदारी पेढीचा आहे, आणि माथ्यावर मात्र ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापले आहे. कंपनीच्या पॅनमध्ये या जागी C असावयास हवा. दरपत्रकावर छापलेले नाव आणि त्याखालचा क्रमांक एकाच संस्थेचे नाहीत, एवढे संगणकाला हात न लावताही कळून आले. यात फसवणूकच आहे असे मात्र अद्याप म्हणता येत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

शेवटचे अक्षर आणि त्याची मर्यादा

पंधरावे अक्षर पडताळणीचे असते. आधीच्या चौदा अक्षरांवर ठरावीक गणित करून ते काढले जाते. प्रत्येक अक्षराला किंमत द्यावयाची (अंकांना त्यांचीच, A ला १०, B ला ११, असे Z ला ३५), त्यांना आळीपाळीने १ आणि २ ने गुणावयाचे, गुणाकार ३६ किंवा त्याहून मोठा आल्यास त्याला ३६ ने भागून भागाकार व बाकी यांची बेरीज घ्यावयाची आणि सर्वांची एकूण बेरीज करावयाची. उदाहरणातील क्रमांकाची बेरीज १६७ येते. तिला ३६ ने भागले असता बाकी २३ उरते. ३६ मधून २३ वजा केल्यास १३, आणि १३ ही D ची किंमत. म्हणून शेवटी D.

हे गणित ग्राहकाने करावे अशी अपेक्षा नाही. संगणक ते क्षणात करतो. मात्र त्याचा परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. याच पेढीने कर्नाटकात नोंदणी केली तर आरंभीचे २७ बदलून २९ होतील आणि शेवटचे अक्षर D न राहता 9 होईल. म्हणजे एखाद्याने खऱ्या क्रमांकातील केवळ राज्याचे अंक बदलून तो छापला, किंवा छपाईत एक अक्षर चुकले, तर सर्वसाधारणपणे क्रमांक गणितात बसत नाही.

परंतु गणितात बसणारा क्रमांक अस्तित्वात असेलच असे नाही. वर दिलेला काल्पनिक क्रमांक याचेच उदाहरण आहे: गणित निर्दोष, पण क्रमांक कोणाचाच नाही. इंटरनेटवर क्रमांक तपासून देणारी अनेक खासगी पाने आहेत. त्यांपैकी काही केवळ रचना आणि हे गणित तपासून ‘वैध’ असा शेरा देतात. तो शेरा नोंदणीचा पुरावा मानता येत नाही. नोंदणी आहे की नाही, हे केवळ सरकारी नोंदच सांगू शकते.

संकेतस्थळावरील शोध

ही नोंद `www.gst.gov.in` या संकेतस्थळावर पाहता येते. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही की शुल्क भरावे लागत नाही. मुखपृष्ठावरील `Search Taxpayer` या सदरात `Search by GSTIN/UIN` हा पर्याय निवडावा, पंधरा अक्षरे भरावीत, चित्रात दिसणारे आकडे टंकित करावेत आणि शोध घ्यावा. क्रमांक हाताने भरताना 0 हा अंक आणि O हे अक्षर, तसेच 1 आणि I यांची गफलत वारंवार होते. कोणत्या जागी अंक आणि कोणत्या जागी अक्षर येते हे माहीत असल्यास ती टळते: पॅनमध्ये आधी पाच अक्षरे, मग चार अंक, मग एक अक्षर.

उत्तरादाखल जो तक्ता येतो त्यातील पाच ओळी ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. `Legal Name of Business` म्हणजे कायदेशीर नाव, `Trade Name` म्हणजे व्यापारी नाव, `Constitution of Business` म्हणजे व्यवसायाचे स्वरूप, `GSTIN / UIN Status` म्हणजे नोंदणीची सद्यःस्थिती आणि `Principal Place of Business` म्हणजे व्यवसायाचे मुख्य ठिकाण. त्यांखेरीज नोंदणी केव्हापासून अमलात आली तो दिनांक आणि करदात्याचा प्रकारही तेथे दिसतो.

पाटीवरचे नाव आणि नोंदीतले नाव

कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव यांत फरक असल्याचे पाहून अनेकजण बिचकतात. तो फरक पुष्कळदा स्वाभाविक असतो. एकट्याच्या मालकीच्या दुकानाचा पॅन हा मालकाचा स्वतःचा पॅन असतो, त्यामुळे कायदेशीर नावाच्या ओळीत मालकाचे नाव येते आणि दुकानाच्या पाटीवरचे नाव व्यापारी नावाच्या ओळीत येते. पावतीवर पाटीचे नाव आणि संकेतस्थळावर एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले, तर त्यात वावगे काही नाही, मात्र व्यापारी नावाच्या ओळीत पाटीचे नाव असावयास हवे.

कंपनीच्या बाबतीत निकष अधिक काटेकोर लावावा. तेथे कायदेशीर नाव हे कंपनीचेच पूर्ण नाव असते आणि दरपत्रकावरील नाव त्याच्याशी अक्षरशः जुळले पाहिजे. ‘ट्रेडर्स’ऐवजी ‘ट्रेडिंग’, ‘इंटिरियर’ऐवजी ‘इंटिरियर्स’ असे बारीक फरकही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत, कारण एका नामांकित व्यवसायाच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन त्याचाच क्रमांक छापणे हा फसवणुकीचा जुना मार्ग आहे. क्रमांक सार्वजनिक असतो. प्रत्येक पावतीवर तो छापलेला असतो आणि तो उचलण्यास कोणाची परवानगी लागत नाही. म्हणूनच ‘क्रमांक खरा आहे’ एवढ्यावर न थांबता ‘क्रमांक याच व्यवसायाचा आहे काय’ हे पाहावे लागते.

तिसरा मेळ बँक खात्याच्या नावाशी घालावयाचा. रक्कम ज्या खात्यावर मागितली आहे त्या खात्याचे नाव कायदेशीर नावाशी किंवा, एकल मालकी असल्यास, व्यापारी नावाशी जुळावे. बहुतेक बँका आता पैसे पाठविण्यापूर्वी लाभार्थीचे नोंदलेले नाव दाखवितात. पावती कंपनीची आणि खाते कोणा व्यक्तीच्या नावे, असा प्रकार असेल तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी खुलासा मागणे हिताचे ठरते. पुढे वाद उद्भवल्यास ‘कंपनीला पैसे मिळालेच नाहीत’ हे उत्तर ऐकण्याची वेळ येऊ शकते.

स्वरूपावरून जबाबदारी ठरते

व्यवसायाचे स्वरूप ही ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते, पण काम बिघडले तर दाद कोणाकडे मागावयाची, याचे उत्तर तिच्यातच असते. `Proprietorship` असे लिहिले असेल तर व्यवसाय आणि मालक यांत कायदा भेद करीत नाही. दुकानाचे देणे ते मालकाचे देणे. `Partnership` असेल तर १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार पेढीच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. `Private Limited Company` असेल तर कंपनी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते. कंपनीकडे मालमत्ता नसेल तर संचालकाच्या घरापर्यंत सहसा पोहोचता येत नाही. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ या शब्दांनी ग्राहकाला भरवसा वाटतो खरा. पण जबाबदारीच्या दृष्टीने पाहता या शब्दांचा अर्थ भरवसा वाढविणारा नसून दायित्व मर्यादित करणारा आहे.

येथे पॅनच्या चौथ्या अक्षराची एक मर्यादाही सांगावयास हवी. F हे अक्षर साध्या भागीदारी पेढीला असते तसेच मर्यादित दायित्व भागीदारीला, म्हणजे एलएलपीलाही असते. या दोहोंत जबाबदारीचा फरक मोठा आहे, कारण एलएलपीमध्ये भागीदाराचे दायित्व सर्वसाधारणपणे मर्यादित असते. त्यामुळे केवळ F पाहून निष्कर्ष काढू नये. संकेतस्थळावरील स्वरूपाची ओळ वाचावी. कंपनी किंवा एलएलपी असल्यास केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या `www.mca.gov.in` या संकेतस्थळावर ती अस्तित्वात आहे काय, हेही पाहता येते.

आता पुण्याच्या उदाहरणातील विसंगतीकडे वळू. समजा, संकेतस्थळावर त्या क्रमांकापुढे स्वरूप `Partnership` आणि सद्यःस्थिती `Cancelled on application of Taxpayer` असे आढळले. म्हणजे व्यापाऱ्याच्याच अर्जावरून नोंदणी रद्द झाली आहे. याला एक निर्दोष स्पष्टीकरण असू शकते. भागीदारी पेढीची कंपनी झाली की पॅन बदलतो, आणि जीएसटीच्या नियमांनुसार स्वरूप बदलल्यामुळे पॅन बदलला तर जुनी नोंदणी चालत नाही. नव्याने नोंदणी करावी लागते. एकल मालकीत भागीदार घेतला, किंवा मालकाच्या निधनानंतर मुलाने दुकान चालवावयास घेतले, तरी हेच लागू होते. नवा क्रमांक मिळाल्यानंतरही जुनी छापील पत्रके संपेपर्यंत वापरली जातात, किंवा संगणकातील जुना नमुना कोणी बदलत नाही.

अशा वेळी विक्रेत्याकडे नवा क्रमांक मागावा. समजा त्याने हा दिला:

```
27AACCD0000G1ZH
```

सहावे अक्षर C, सातवे D, राज्य २७. कंपनीच्या नावाशी मेळ बसला. (हाही क्रमांक काल्पनिकच आहे.) संकेतस्थळावर शोध घेतल्यावर कायदेशीर नाव दरपत्रकावरील नावाशी जुळले, स्वरूप `Private Limited Company` आणि सद्यःस्थिती `Active` दिसली, नोंदणीचा दिनांक जुनी नोंदणी रद्द झाल्याच्या सुमाराचा निघाला, तर स्पष्टीकरण खरे ठरते. मग नव्या क्रमांकासह दुरुस्त दरपत्रक घ्यावे आणि रक्कम कंपनीच्याच खात्यावर भरावी. उलट, विक्रेता नवा क्रमांक देण्यास टाळाटाळ करू लागला तर प्रश्न ३२,४०० रुपयांचा होतो. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने पावतीवर जीएसटी लावून तो ग्राहकाकडून वसूल करण्यास कायद्याच्या कलम ३२ ने मनाई केली आहे. रद्द क्रमांकावर वसूल केलेला कर सरकारजमा होण्याची शक्यता फारच थोडी.

राज्य आणि कराची विभागणी

जीएसटीची नोंदणी देशभरासाठी एकच नसते. ती राज्यागणिक घ्यावी लागते. एकाच कंपनीची मुंबई, पणजी आणि अहमदाबाद येथे दुकाने असतील तर पॅन एकच राहील, पण क्रमांक तीन असतील: २७, ३० आणि २४ ने सुरू होणारे. पुण्यातील दुकानातून पुण्यातच होणाऱ्या विक्रीच्या पावतीवर २७ ने सुरू होणाराच क्रमांक हवा.

पावतीवरील कराची विभागणी या दोन अंकांशी ताडून पाहता येते. विक्रेता महाराष्ट्रात नोंदलेला असून मालही महाराष्ट्रातच पुरविला जात असेल तर कर दोन भागांत दिसतो: केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी. वरील उदाहरणात प्रत्येकी ९ टक्के, म्हणजे १६,२०० अधिक १६,२०० रुपये. विक्रेता गुजरातेत नोंदलेला असून तेथून पुण्यातील ग्राहकाच्या पत्त्यावर माल पाठवीत असेल तर संपूर्ण १८ टक्के एकाच ओळीत, आयजीएसटी म्हणून दिसावयास हवेत. ऑनलाइन खरेदीच्या पावत्यांवर हे नेहमी दिसते आणि ते योग्यच आहे. मात्र क्रमांक २४ ने सुरू होतो, माल अहमदाबादहून पुण्याच्या पत्त्यावर आला आणि तरीही कर सीजीएसटी व एसजीएसटी असा विभागलेला आहे, तर पावती चुकली आहे किंवा क्रमांक दुसऱ्याच नोंदणीचा आहे.

एकाच पॅनवरील साऱ्या नोंदण्या पाहावयाच्या असल्यास त्याच सदरात `Search by PAN` हा पर्याय आहे. क्रमांकातील तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरे तेथे भरली की त्या पॅनवर कोणकोणत्या राज्यांत नोंदणी आहे आणि तिची स्थिती काय, याची यादी येते. ‘आमची महाराष्ट्रातही नोंदणी आहे’ असे सांगणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्याचे म्हणणे त्यावरून तपासता येते.

स्थिती आणि प्रकार

`Active` म्हणजे नोंदणी चालू आहे. `Suspended` म्हणजे ती तूर्त स्थगित आहे. बहुधा ती रद्द करण्याची कारवाई सुरू असते. अधिकाऱ्याने स्वतःहून रद्द केलेली नोंदणीही वेगळ्या शब्दांत दिसते. येथे व्यापारी वर्गाने एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. कायद्याच्या कलम २९ नुसार अधिकारी नोंदणी मागील तारखेपासूनही रद्द करू शकतो. खरेदीच्या दिवशी चालू दिसलेली नोंदणी पुढे त्याआधीच्या तारखेपासून रद्द ठरली, तर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेतलेल्या व्यापाऱ्याकडे विचारणा होऊ शकते. म्हणून मोठ्या खरेदीपूर्वी संकेतस्थळावरील तक्त्याची दिनांकासह छापील प्रत काढून पावतीसोबत ठेवणे उपयोगी पडते.

करदात्याच्या प्रकाराच्या ओळीत `Composition` असे असेल तर तो व्यापारी सवलतीच्या कंपोझिशन योजनेत आहे. अशा व्यापाऱ्याचा क्रमांक पूर्णपणे खरा असतो, पण त्याला ग्राहकाकडून वेगळा कर आकारता येत नाही. तो स्वतःच्या उलाढालीवर कर भरतो. आपण कर वसूल करण्यास पात्र नाही, असे त्याला पावतीच्या माथ्यावर लिहावे लागते. लहान उपाहारगृहे व किराणा दुकाने या योजनेत बरीच आढळतात. नाव, स्वरूप आणि राज्य सारे जुळत असूनही पावतीत कर वेगळा दाखविला असेल तर ती आकारणी गैर आहे.

याच तक्त्याखाली विवरणपत्रे केव्हा भरली ते पाहण्याची सोय आहे. तेथे रकमा दिसत नाहीत, फक्त महिने आणि दिनांक दिसतात. मधले काही महिने रिकामे दिसले तरी लगेच शंका घेऊ नये, कारण ५ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तिमाही विवरणपत्राचा पर्याय आहे.

नोंद खरी, माणूस कोण?

हा सारा पडताळा नोंदीचा आहे, माणसाचा नव्हे. संकेतस्थळ एवढेच सांगते की अमुक नावाने, अमुक स्वरूपाची, अमुक राज्यात नोंदणी आहे. समोर दरपत्रक घेऊन उभा असलेला इसम त्याच व्यवसायाचा आहे, हे ते सांगू शकत नाही. त्यासाठी दुकान प्रत्यक्ष पाहणे आवश्यक. प्रवेशद्वाराजवळील फलकावर क्रमांक लिहिणे आणि नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे. प्रमाणपत्राच्या जोडपत्रांत व्यवसायाच्या इतर जागांचे पत्ते आणि मालक, भागीदार वा संचालक यांची नावे असतात. ग्राहकाने ते पाहण्यास मागितले तर त्यात गैर काही नाही.

नोंदणीच मुळात बनावट असण्याची शक्यताही नाकारता येत नाही. दुसऱ्याच्या पॅन आणि आधारच्या प्रती, कोणाचे तरी वीजबिल आणि खोटा भाडेकरार यांच्या जोरावर घेतलेल्या नोंदण्या मोठ्या संख्येने उघडकीस आल्या आहेत. केंद्र व राज्यांच्या करखात्यांनी १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात देशभर खास मोहीम राबविली तेव्हा २१ हजारांहून अधिक नोंदणीधारक प्रत्यक्षात अस्तित्वातच नसल्याचे आढळले. अशा नोंदणीचा तक्ता संकेतस्थळावर कारवाई होईपर्यंत निर्दोषच दिसतो. नोंदणी अगदी अलीकडची असणे आणि मुख्य ठिकाणाचा पत्ता एखाद्या राहत्या सदनिकेचा निघणे, या गोष्टींनी गुन्हा सिद्ध होत नाही, पण मोठी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्या पत्त्यावर एक फेरी मारावी एवढे त्या नक्कीच सुचवितात.

क्रमांक नसणे हाही आपोआप दोष ठरत नाही. महाराष्ट्रात केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत आणि सेवा देणाऱ्याची २० लाखांच्या आत असेल तर, काही अपवाद वगळता, नोंदणी सक्तीची नाही. गल्लीतील सुताराकडे हा क्रमांक नसेल तर तो प्रामाणिक नाही असे मुळीच नव्हे. त्याने फक्त जीएसटीच्या नावाने पैसे मागू नयेत.

बनावट नोंदण्यांची झळ ज्यांना सर्वात जास्त बसते ते बहुधा व्यापारीही नसतात. मजूर, विद्यार्थी, गृहिणी यांनी नोकरीच्या किंवा कर्जाच्या आमिषाने दिलेल्या कागदपत्रांवर त्यांच्या नकळत पेढ्या उभ्या राहतात आणि लक्षावधी रुपयांच्या कराची नोटीस येते तेव्हा त्यांना त्याचा पत्ता लागतो. ज्याने कधी व्यवसाय केला नाही त्यानेही `Search by PAN` मध्ये स्वतःचा पॅन भरून पाहावा. तेथे कोणतीही नोंद निघू नये. निघालीच, तर तिचे राज्य आणि क्रमांक टिपून घ्यावेत, तक्त्याची प्रत काढावी, जीएसटीच्या संकेतस्थळावरील तक्रार विभागात ती नोंदवावी आणि पोलिसांतही लेखी तक्रार द्यावी. १८००-१०३-४७८६ या विनाशुल्क दूरध्वनी क्रमांकावर जीएसटीचा मदत कक्ष मार्गदर्शन करतो.